उणे एक कोटी सहासष्ट लाख

सांगलीच्या बाजारात हळकुंडं विकत घेऊन त्यांची पूड करणारा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. वर्षाची विक्री ४० कोटींची, माल जवळजवळ सगळा देशातच खपणारा. कारखाना चालवणाऱ्या काकांना वाफेने निर्जंतुकीकरण करणारं यंत्र बसवायचं आहे. हिशेब पाहणारी त्यांची पुतणी सीए आहे. तिने आकडे मांडले, तर शेवटच्या ओळीत उणे चिन्ह आलं. काका म्हणाले, "अगं, याचा फायदा असा कागदावर दिसायचा नाही. युरोपचं दार उघडतंय." त्यावर तिने विचारलं, "मग काका, त्या दाराची किंमत किती धरू?"

हा कारखाना आणि त्याचे आकडे मी समजुतीसाठी कल्पिले आहेत. पुतणीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला उत्तर आहे. दाराची नेमकी किंमत बहुधा कोणालाच सांगता येत नाही. पण ती निदान किती असायला हवी, हे काढता येतं. त्यानंतर तेवढी किंमत पटण्याजोगी आहे का, यावर बोलता येतं.

आधी काकांची बाजू. हळद जमिनीखाली वाढते, त्यामुळे मातीतले जंतू तिच्यासोबत येतात. युरोपातल्या खरेदीदाराला पूड साल्मोनेलामुक्त लागते. मसाले निर्जंतुक करण्यासाठी अनेक ठिकाणी इथिलीन ऑक्साइड हा वायू वापरला जातो, पण युरोपीय संघात त्याला मनाई आहे. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात या वायूचा अंश सापडला आणि तिथल्या दुकानांमधून माल मोठ्या प्रमाणावर परत मागवावा लागला. किरणोत्साराने जंतू मारता येतात, पण मग तसं वेष्टनावर छापावं लागतं आणि गिऱ्हाईक बिचकतं. उरते वाफ. यंत्र महाग असतं, आणि चांगलं चालवलं नाही तर हळदीचा रंग आणि वास दोन्ही उतरतात.

आता पुतणीचा कागद. यंत्र, शेड आणि बॉयलर मिळून १२ कोटींचा खर्च. त्यातून कर वजा जाता वर्षाला २ कोटी हाती येतील, आठ वर्षं. शेवटी यंत्र विकून १ कोटी. बेरीज १७ कोटी, म्हणजे वरवर पाहता ५ कोटींचा फायदा. पण आठव्या वर्षी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. एवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात पैसे घातले असते, तर १२ टक्के सुटले असते असं धरलं, तर प्रत्येक वर्षाची रक्कम त्या दराने मागे आणून आजच्या भावात मांडावी लागते. तशी मांडल्यावर सगळ्या येण्याची किंमत १० कोटी ३४ लाख भरते. घालायचे १२ कोटी. फरक उणे १ कोटी ६६ लाख. यालाच निव्वळ वर्तमान मूल्य, बोलीभाषेत एनपीव्ही, म्हणतात.

म्हणजे काकांच्या दाराची किंमत आजच्या भावात किमान १ कोटी ६६ लाख हवी. इथवर सगळे पोहोचतात, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. "चाळीस कोटींच्या धंद्यात दीड-पावणेदोन कोटी काय मोठे," असं म्हणून सही होते. माझ्या मते चूक इथेच होते, कारण आजच्या भावातला आकडा कोणालाच डोळ्यांसमोर आणता येत नाही. तो विक्रीच्या भाषेत फिरवून घ्यावा लागतो.

काका दोन फायदे सांगतात. पहिला नावाचा. युरोपला माल जातो म्हटल्यावर देशातल्या मोठ्या खाद्य कंपन्याही आपल्याकडून हळद घेतील. हा फायदा पहिल्या वर्षापासून आठही वर्षं मिळणार असता, तर वर्षाला करोत्तर ३३ लाख पुरले असते. पण नाव व्हायला वेळ लागतो. फायदा चौथ्या वर्षी सुरू झाला, तर उरलेल्या पाच वर्षांतच सगळी भरपाई व्हायला हवी आणि मग वर्षाला ६५ लाख लागतात. शिवाय तो मिळेलच असं नाही. काका स्वतःच म्हणतात, "दहात चार." म्हणजे मिळालाच तर वर्षाला १ कोटी ६२ लाख मिळायला हवेत, तेव्हा सरासरी जुळते. २५ टक्के कर धरला तर करापूर्वी २ कोटी १६ लाख. आणि माल, मजुरी, वाहतूक वजा जाता विक्रीच्या रुपयात २० पैसे सुटत असतील, तर वर्षाला जवळजवळ ११ कोटींची जादा विक्री.

आता प्रश्न बदलला. "नाव होईल का?" याला काका हो म्हणतील. "निव्वळ नावामुळे देशातली विक्री चाळीसवरून एक्कावन्न कोटींवर जाईल का?" याला तेही हो म्हणणार नाहीत. नावाच्या फायद्यावर हे यंत्र उभं राहत नाही.

दुसरा फायदा वेगळ्या जातीचा आहे. तीन वर्षं युरोपला थोडा थोडा माल पाठवल्यावर तिथला बाजार आपल्याला पेलतो का, हे कळेल. पेलला तर २० कोटींची मोठी दुसरी लाइन टाकायची. बाजार चांगला निघाला तर ती लाइन त्या वेळच्या भावात ३२ कोटींची ठरेल, वाईट निघाला तर १० कोटींची. शक्यता तीच, दहात चार. सरासरी काढली तर येतात १८ कोटी ८० लाख, म्हणजे २० कोटींपेक्षा कमीच. सरासरीवर पाहिलं तर पहिलं पाऊलही तोट्याचं आणि दुसरंही.

पण काका दुसरं पाऊल सरासरीवर टाकणार नाहीत. तीन वर्षांनी बाजार पाहून टाकतील. वाईट निघाला तर टाकणारच नाहीत, म्हणजे त्या बाजूचा तोटा शून्य. चांगला निघाला तर १२ कोटी सुटतात. दहात चार या हिशेबाने त्याची किंमत तिसऱ्या वर्षी ४ कोटी ८० लाख, आणि १२ टक्क्यांनी मागे आणली तर आज ३ कोटी ४२ लाख. त्यातून १ कोटी ६६ लाख गेले तरी १ कोटी ७६ लाख उरतात. उणे चिन्ह अधिक झालं, आणि त्यासाठी बाजार आधीपेक्षा चांगला आहे असं मानावं लागलं नाही. नंतर ठरवण्याची मोकळीक आहे, एवढंच मानलं. हक्क आहे पण सक्ती नाही, अशा या मोकळिकीला स्टुअर्ट मायर्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'रिअल ऑप्शन' असं नाव दिलं.

इथेही उलटा प्रश्न विचारायचा. दहात चार हा काकांचा अंदाज. तो किती खाली आला तरी चालेल? उत्तर येतं शंभरात साडेएकोणीस, म्हणजे साधारण पाचात एक. अशा अनिश्चित रकमेला १२ टक्क्यांचा दर पुरेसा कडक नाही, असा आक्षेप जाणकार घेतील आणि तो रास्त आहे. पण २५ टक्के दर लावला तरी उंबरठा शंभरात २७ वर जातो, चाळीसच्या बराच खाली. काकांचा अंदाज बराच चुकला तरी हिशेब तगतो.

मोकळीक खरी असेल, तरच हे सगळं खरं. कॉन्कॉर्ड विमानासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार केला, त्यात माघार घेण्याचं कलमच नव्हतं. खर्च फुगत गेला, गिऱ्हाईक कंपन्या गळत गेल्या, तरी काम चालू राहिलं. एकूण २० विमानं बनली, त्यातली १४ प्रवासी सेवेत आली. प्रतिष्ठेचा फायदा कोणी किती धरला होता ते सोडा, वाईट बातमी आल्यावर थांबता येणार नव्हतं, म्हणून ऑप्शनची किंमत तिथे उरलीच नव्हती. काकांच्या कारखान्यात असा करार नसेल, पण तिसऱ्या वर्षी "एवढं केलंय तर आता मागे कशाला" असं म्हणणारं कोणीतरी घरात असतंच. म्हणून पुतणीने प्रस्तावातच तारखेसह लिहायला लावलं: तिसऱ्या वर्षाच्या मार्चअखेर निदान दोन खरेदीदारांच्या दुसऱ्यांदा ऑर्डरी आलेल्या नसतील आणि एकाही खरेदीदाराच्या कारखाना-तपासणीत आपण उत्तीर्ण झालेलो नसू, तर दुसरी लाइन नाही.

तिने आणखी एक गोष्ट तपासली. वर्षाच्या २ कोटींमध्ये युरोपची थोडी विक्री आधीच धरलेली होती. तीच पुन्हा 'दाराच्या' खात्यात मोजली असती, तर एकच रुपया दोनदा आला असता. अशी दुहेरी मोजणी पकडायला सोपी युक्ती आहे. प्रत्येक फायद्यापुढे कोणता खरेदीदार, कोणतं वर्ष, हे लिहायचं. ज्यापुढे लिहिता येत नाही, तो बहुधा दुसऱ्याच ओळीत आधी बसलेला असतो.

पण सगळ्यात अवघड प्रश्न तिने शेवटी काढला. "काका, हेच दार स्वस्तात उघडतं का?" दुसऱ्याच्या वाफेच्या यंत्रावर जॉबवर्कने माल निर्जंतुक करून घेता येईल. त्यात वर्षाला करोत्तर २५ लाख पदरचे जातील, तीन वर्षांचे आजच्या भावात ६० लाख. बाजार तर तसाही कळेल. मग त्याच माहितीसाठी १ कोटी ६६ लाख का मोजायचे? शक्यता दहात चारच राहिली, तर जॉबवर्कचा मार्ग २ कोटी ८२ लाखांचा ठरतो आणि यंत्राचा १ कोटी ७६ लाखांचा. यंत्राचा एनपीव्ही आता अधिक आहे, तरीही ते हरतं.

काका गप्प झाले, मग म्हणाले, "दुसऱ्याच्या कारखान्यातून आलेला माल ते घेतीलच असं नाही." मुद्दा खरा आहे. खरेदीदार तपासणीला येतो तेव्हा शेतापासून पिशवीपर्यंत प्रत्येक लॉटचा माग मागतो, आणि माल मधेच दुसऱ्याच्या दारात गेला की तो माग तुटू शकतो. मग जॉबवर्कने शक्यता किती घटेल? पुतणीने तेवढंच काढलं. शंभरात चाळीसवरून ती २८ च्या खाली जात असेल तर यंत्र घ्यावं, त्यापेक्षा वर राहत असेल तर जॉबवर्क.

दुसऱ्या दिवशी काकांनी रॉटरडॅमच्या आणि हॅम्बुर्गच्या ज्या खरेदीदारांकडे नमुने पाठवले होते, त्यांची यादी काढली. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची होती: वाफेचं काम बाहेर करून घेतलं, तर तुम्ही माल घ्याल का?