लग्नाच्या ऑर्डरचा रेट प्रोफाइलवर टाकायचा की फोनवर सांगायचा?

तुळशीची लग्नं लागली की तालुक्यातल्या फोटोग्राफरचे फोन सुरू होतात. बहुतेकांचं स्वतःचं दुकान नसतं. एक कॅमेरा, एक लॅपटॉप, इन्स्टाग्रामवर चार रील आणि व्हॉट्सॲप बिझनेसचं प्रोफाइल, एवढ्यावर धंदा चालतो. समोरून पहिला मेसेज ठरलेला असतो, ‘‘दादा, लग्नाचा रेट काय?’’ आणि इथंच बऱ्याच जणांची गाडी अडते. रेट प्रोफाइलवर लिहून टाकावा, तर शेजारच्या गावातला हजार रुपयांनी खाली येतो. न लिहावा, तर दिवसभर तेच तेच सांगत बसावं लागतं.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये किमतीचा रकाना असतो, पण तो भरलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे निर्णय फोटोग्राफरवरच येतो. फायव्हरसारख्या परदेशी साइटवर काम घेणाऱ्या डिझायनरला ही सूट नाही. तिथं कामाची किंमत लिहिल्याशिवाय पान उघडतच नाही. त्यातून 20 टक्के साइट कापून घेते, हे धरूनच आकडा टाकावा लागतो. लग्नाच्या ऑर्डरचं तसं नाही, कारण दोन लग्नं सारखी नसतात.

रेट लपवला की काय होतं?

‘रेट इनबॉक्समध्ये’ असं लिहिलेलं बघून गिऱ्हाईक दोनच अर्थ काढतं. एक तर हा महाग असेल, नाहीतर माणूस बघून भाव सांगत असेल. दुसरी शंका गावात जास्त घातक, कारण एकाच भावकीतल्या दोन घरांना वेगळे रेट सांगितले की ते आठवड्याभरात एकमेकांना कळतात. मग ज्याला जास्त सांगितला तो पुन्हा दारात उभा करत नाही. शिवाय ज्याचं बजेट 10 हजारच आहे, त्याच्याशीही अर्धा तास बोलावं लागतं आणि शेवटी तो ‘‘घरी विचारून सांगतो’’ म्हणून फोन ठेवतो.

यावर एक साधी तपासणी आहे. महिनाभर वहीत लिहून ठेवायचं की किती जणांनी रेट विचारला आणि त्यातले किती जण आकडा ऐकल्यावर गायब झाले. दहापैकी सात-आठ जण आकड्यावरच पळत असतील, तर तो आकडा आधीच प्रोफाइलवर दिसणं बरं. उलट विचारणारा प्रत्येक जण लगेच ‘‘चालेल’’ म्हणत असेल, तर रेट लिहिण्याच्या आधी तो वाढवायला हवा.

नुसतं ‘पासून’ लिहिलं तर?

मग बरेच जण मधला मार्ग काढतात आणि ‘लग्न शूटिंग 28,000 पासून’ एवढंच लिहून मोकळे होतात. नुकसान बहुतेक वेळा इथंच होतं. ‘पासून’ हा शब्द गिऱ्हाइकाच्या डोक्यात राहत नाही, 28,000 राहतो.

समजा, एक दिवसाच्या लग्नाचे 28,000 ठरले. त्यात व्हिडिओवाल्या जोडीदाराचे 3,500, हेल्परचे 800, एका अल्बमचे 6,000, व्हिडिओ एडिटिंगचे 4,000 आणि पेट्रोल-जेवणाचे 1,200 जातात. म्हणजे खर्च 15,500. हातात राहिले 12,500. त्यात लग्नाचा दिवस, नंतर आठवडाभर फोटो निवडणं आणि कॅमेऱ्याची झीज, सगळं आलं.

आता मुलीचे काका म्हणतात, ‘‘आदल्या दिवशीची हळद पण घ्या, ड्रोन लावा, आणि एक अल्बम पाहुण्यांकडं द्यायला जास्तीचा. घरचंच लग्न आहे, 35,000 करून टाका.’’ 28 वरून 35 म्हणजे 7,000 वाढले, म्हणून फोटोग्राफर हो म्हणतो. पण हळदीला व्हिडिओवाला 3,000, हेल्पर 800, पेट्रोल 600. ड्रोनवाला 4,000. दुसरा अल्बम 6,000. जास्तीचा खर्च झाला 14,400. एकूण खर्च 29,900 आणि हातात राहिले 5,100. काम दुप्पट आणि कमाई निम्म्याहून कमी. हिशोब लागतो तेव्हा अल्बम छापून आलेला असतो.

याच फोटोग्राफरनं प्रोफाइलवर असं लिहिलं असतं: ‘एक दिवस, एक फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला, एक अल्बम, पेन ड्राइव्ह – 28,000. हळद जास्तीची – 7,000. ड्रोन – 5,000. दुसरा अल्बम – 7,500.’ मग काकांच्या मागणीचा आकडा 47,500 होतो. त्यात दोन-अडीच हजार मोडले तरी 15 हजार हातात राहतात. मुख्य म्हणजे घासाघीस सुरू झाली की ‘‘मग ड्रोन काढू का?’’ असं विचारता येतं. पैसे कमी करायचे तर काम कमी होतं, नुसता रेट पडत नाही. पाहुण्यारावळ्यांपुढं तोंडानं ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. लिहिलेला कागद ते काम करतो.

बोलण्यासाठी काय ठेवायचं?

सगळंच लिहून चालत नाही. लग्नाची तारीख हा मोठा भाग आहे. दाट मुहूर्ताच्या दिवशी एकाच वेळी तीन ऑर्डर विचारतात आणि घेता एकच येते. त्या दिवशी सूट द्यायचं कारण नसतं. मधल्या रिकाम्या वारी मात्र थोडं खाली यायला हरकत नाही. अंतर, प्री-वेडिंग, दोन्हीकडचं रिसेप्शन हेही फोनवरच ठरतं. म्हणून आकडा सांगण्याआधी तारीख कोणती, कार्यालय कुठं, कार्यक्रम किती आणि अल्बम किती, हे विचारून घ्यावं. ‘‘लग्न आहे, रेट सांगा’’ एवढ्यावर जो आकडा तोंडातून जातो तोच पुढं गळ्यात पडतो. ठरलेलं सगळं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावं आणि इसार मिळेपर्यंत तारीख पक्की नाही, हेही त्यात लिहावं.

पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचा बॅनर, अर्ध्या तासाचं बारशाचं शूट यांचं वेगळं आहे. काम दरवेळी सारखंच, तर रेट बिनधास्त लिहावा. तिथं बोलण्यात वेळ घालवण्याइतके पैसेच नसतात.

शेजारच्या गावातला रेट बघून खाली उतरेल, ही भीती खरी आहे. पण तो रेट त्याला तसाही कळतोच, एखाद्या पाहुण्याला फोन करायला लावला की झालं. प्रोफाइलवर अल्बमची पानं आणि माणसं किती ते लिहिलेलं असेल, तर हजार रुपयांनी स्वस्त असलेल्याला ‘‘तुमच्यात काय काय येतं?’’ हा प्रश्न गिऱ्हाईकच विचारतं.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. कॅटलॉगमधली किंमत बदलता येते, पण जुन्या किमतीचा स्क्रीनशॉट कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहतो आणि पुढच्या सीझनला तोच समोर धरला जातो. म्हणून रेटच्या खाली ‘31 मेपर्यंतच्या लग्नांसाठी’ अशी ओळ हवी. आणि ज्यानं पहिलीच चार-पाच लग्नं अजून केली नाहीत, त्यानं घाईनं आकडा टाकू नये. आधी प्रत्येक ऑर्डरमागं खिशातून काय गेलं ते वहीत उतरवावं. जोडीदाराचा रोज आणि अल्बमचा दर माहीत नसताना लिहिलेला रेट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या प्रोफाइलवरून उचललेला असतो, आणि त्या दुसऱ्याकडं कदाचित ड्रोन घरचाच असतो.