फाटकी पाचशेची नोट : पूर्ण पैसे, अर्धे की काहीच नाही?

खारघर : उंदराने कुरतडलेली पाचशेची नोट घेऊन बँकेत गेलात, तर कॅशियर आधी उरलेला तुकडा किती मोठा आहे ते बघतो. नवी नोट 15 सेंटीमीटर लांब आणि 6.6 सेंटीमीटर रुंद असते. समजा एका टोकाचा भाग गेला आणि रुंदी शाबूत आहे. 13 सेंटीमीटर उरली असेल तर पूर्ण 500 रुपये मिळतात. 10 सेंटीमीटरच उरली तर 250. आणि 5 सेंटीमीटरचा तुकडा नेलात तर काहीच नाही, कारण निम्म्या पैशांसाठीसुद्धा किमान 40 टक्के नोट लागते. पूर्ण पैशांसाठी 80 टक्क्यांहून जास्त.

दहा-वीसच्या नोटांना अर्धे पैसे नाहीत. निम्म्याहून जास्त नोट असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य.

नुसती मळलेली किंवा दोन तुकडे झालेली नोट सोपी. दोन्ही तुकडे एकाच नोटेचे हवेत. त्या बँकेत खातं नसलं तरी चालतं.

मुद्दाम कापलेली नोट मात्र नाकारली जाते. जळालेल्या, चिकटून लगदा झालेल्या नोटा शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेत न्याव्या लागतात, आणि खारघरकरांना ती बेलापुरातच आहे.