सोमवारी आवाज कसा आहे?

जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. पत्र्यावर सर कोसळू लागली की शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्यासाठी बाईंचा आवाज आपोआप चढतो. बुधवारी घसा जड वाटतो, शुक्रवारी आवाज चिरकतो आणि शनिवारी तोंडातून नुसती हवा येते.

बिघाड असतो तो स्वरयंत्रातल्या दोन नाजूक स्वरतंतूंमध्ये. बाईमाणसाच्या साध्या बोलण्यातही ते सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडताना हा मार वाढतो, तंतू सुजतात, नीट मिटत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. सूज उतरायला एक-दोन दिवसांचं मौन पुष्कळदा पुरतं. पण मौन म्हणजे कुजबुजणं नव्हे. जोर लावून कुजबुजताना अनेकांच्या घशाचे स्नायू उलट जास्त ताणले जातात. बोलणं भागच असेल, तर जवळ जाऊन हळू पण मोकळ्या आवाजात मोजकं बोलावं. सारखं खाकरणंही टाळावं, कारण त्यानेही तंतू एकमेकांवर घासतात. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळावं.

प्यायलेलं पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना ते शिवतही नाही. ते रक्तातून तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून मधल्या सुट्टीत तांब्याभर पाणी एकदम पिण्यापेक्षा सकाळपासून थोडं थोडं पीत राहावं. बऱ्याच शिक्षिका स्वच्छतागृहाची सोय नसल्याने दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि हा दोष त्यांचा नाही. गुळण्यांचं पाणीही तंतूंपर्यंत जात नाही, त्यांनी फक्त वरचा घसा शेकतो. वाफ मात्र तिथपर्यंत पोहोचते.

खरी परीक्षा सोमवारी सकाळी होते. रविवारच्या विश्रांतीने आवाज मोकळा झाला, तर बहुधा ती नुसती सूज होती. दर सोमवारी तो आधीपेक्षा जड राहू लागला, वरचे सूर लागेनासे झाले, तर कुदळ धरून हाताला पडतात तसे घट्टे स्वरतंतूंवर धरू लागले असण्याची शक्यता असते. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांपलीकडे टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावं. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असलेल्याने तर इतकंही थांबू नये, कारण स्वरयंत्राच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण अनेकदा घोगरेपणाच असतं. गिळताना दुखणं, मानेत गाठ लागणं, थुंकीतून रक्त पडणं किंवा ओरडता ओरडता आवाज एकाएकी जाणं, यात लगेच दाखवावं. श्वास अडत असेल, तर थेट रुग्णालय गाठावं.

घट्ट्यांचं नाव ऐकून शिक्षिका शस्त्रक्रियेच्या धास्तीने तपासणीच टाळतात. प्रत्यक्षात पहिला उपचार असतो व्हॉइस थेरपीचा. श्वास कसा धरायचा, घसा न आवळता आवाज कसा काढायचा, हे तिथे काही आठवडे शिकवतात, आणि बऱ्याच जणींचे घट्टे तेवढ्याने लहान होतात. ही सवय बदलली नाही, तर शस्त्रक्रियेनंतरही ते पुन्हा येऊ शकतात.