श्रोत्याच्या पदरात काय पडणार?

तांत्रिक परिषदेत बोलण्याची संधी मिळवायची तर आधी परिषदेच्या निवड समितीकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. प्रस्तावाचे दोन भाग सर्वात महत्त्वाचे असतात. एक म्हणजे टॉकचे शीर्षक आणि दुसरा म्हणजे शंभर-दीडशे शब्दांचा सारांश, ज्याला सगळे जण अॅबस्ट्रॅक्टच म्हणतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या परिषदा याचे चांगले उदाहरण आहेत. अमेरिकेतील पायकॉन २००३ पासून भरते. भारतातील पायकॉन २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ मध्ये ती पुण्यात भरली होती. अशा परिषदांची निवड समिती स्वयंसेवकांची असते. हे लोक दिवसा आपापल्या नोकऱ्या करतात आणि रात्री प्रस्ताव वाचतात. उपलब्ध जागांपेक्षा प्रस्ताव कितीतरी पटीने जास्त आलेले असतात.

निवड कशी होते हे माहीत असले की सारांश कसा लिहावा हे आपोआप कळू लागते. अमेरिकेतील पायकॉनच्या समितीने काही वर्षे दोन टप्प्यांची पद्धत वापरली. पहिल्या टप्प्यात प्रत्येक प्रस्ताव एकेकटा वाचला जाई आणि वक्त्याचे नाव झाकलेले असे. दुसऱ्या टप्प्यात एकाच विषयावरचे प्रस्ताव एकत्र करून एकमेकांशेजारी ठेवले जात आणि त्यांतले एक-दोन निवडले जात. याचा अर्थ असा की वेबसाइटच्या वेगावरचा प्रस्ताव चित्रकलेच्या किंवा यंत्रमानवाच्या प्रस्तावाशी लढत नाही. तो वेगावरच्याच आणखी चार-पाच प्रस्तावांशी लढतो. तिथे ‘वेग महत्त्वाचा आहे’ हे वाक्य काहीच काम करत नाही, कारण ते पाचही जणांनी लिहिलेले असते. नाव झाकलेले असल्यामुळे वक्त्याची कीर्तीही कामी येत नाही. समितीच्या हाती उरतो तो एकच प्रश्न: अर्धा तास ऐकून श्रोत्याच्या पदरात नेमके काय पडणार?

म्हणून सारांश लिहायला बसण्याआधी एक वाक्य पूर्ण करावे: ‘हा टॉक ऐकल्यावर श्रोत्याला अमुक एक करता येईल.’ वाक्याचा शेवट ‘करता येईल’ असाच असावा. ‘समजेल’, ‘ओळख होईल’, ‘कल्पना येईल’ या क्रियापदांनी काहीही झाकले जाते. डेटाबेसची ‘ओळख’ पाच मिनिटांतही होते आणि पाच वर्षांतही होत नाही. दुसरी कसोटी ‘आणि’ या शब्दाची. वाक्यात ‘आणि’ आला की बहुधा दोन टॉक एकत्र बांधलेले असतात. तीस मिनिटांत दोन्ही अर्धवट राहणार हे अनुभवी परीक्षक ओळखतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, पुण्यातील एका डेव्हलपरने जँगो ही वेब चौकट वापरून ऑर्डरींची यादी दाखवणारे पान लिहिले आहे. यादीत २०० ऑर्डरी आहेत. प्रत्येक ओळीत ग्राहकाचे नाव आणि घेतलेल्या वस्तू दिसतात. पान रखडते म्हणून तपासले, तर कळले की ऑर्डरींची यादी आणायला १ क्वेरी जाते, मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एक आणि वस्तूंसाठी एक. एकूण ४०१. ग्राहकासाठी `select_related` आणि वस्तूंसाठी `prefetch_related` वापरल्यावर तेच पान २ क्वेरींत उघडू लागले. काही महिन्यांनी दुसऱ्या सहकाऱ्याने यादीत डिलिव्हरी करणाऱ्याच्या नावाचा रकाना वाढवला आणि पान पुन्हा रखडले. तेव्हा क्वेरींची संख्या टेस्टमध्येच बांधून टाकली गेली. या अनुभवावर टॉक द्यायचा आहे.

पहिला मसुदा साधारण असा होतो. परिषदेसाठी तो इंग्रजीत लिहिला जातो. इथे मराठीत दिला आहे.

शीर्षक: ‘जँगो आणि डेटाबेस: वेगाचा एक प्रवास’. सारांश: ‘आजच्या काळात वेबसाइटचा वेग अत्यंत महत्त्वाचा आहे. या टॉकमध्ये आपण क्वेरी, इंडेक्स, कॅशिंग आणि इतर अनेक तंत्रांची ओळख करून घेऊ. आमच्या प्रोजेक्टमध्ये आलेल्या अडचणी आणि त्यांतून शिकलेले धडे सांगू. शेवटी एका साध्या पण आश्चर्यकारक उपायाने आमचा प्रश्न कसा सुटला, तेही पाहू.’

यात एकही वाक्य खोटे नाही, तरी परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. पहिले वाक्य कोणत्याही प्रस्तावात चालेल. इंडेक्स आणि कॅशिंग हे प्रत्येकी एकेका टॉकचे विषय आहेत. ‘शिकलेले धडे’ कोणते, हे सांगितलेले नाही. सर्वात मोठा घोटाळा शेवटच्या वाक्यात आहे. उपाय मुद्दाम लपवला आहे.

उत्तर लपवण्याची ही सवय फार पसरलेली आहे आणि तिचे मूळ समजण्यासारखे आहे. सगळे आधीच सांगितले तर टॉक ऐकायला कोण येईल, अशी भीती वक्त्याला वाटते. पण सारांशाचा पहिला वाचक श्रोता नसून परीक्षक असतो. उपाय खरोखर नवा आहे की कागदपत्रांच्या पहिल्याच पानावर मिळणारा आहे, हे त्याला ठरवायचे असते. उपायाचे नावच न लिहिल्यास तो ठरवणार कशावरून? शिवाय श्रोत्यालाही रहस्य नको असते. उपायाचे नाव वाचून तो येतो, कारण तो कसा लावायचा आणि कुठे फसतो हे त्याला पाहायचे असते. रहस्यकथेचा नियम इथे लागू पडत नाही.

आता एक वाक्य ठरवू. ‘श्रोत्याला वेबसाइट वेगवान करता येईल’ हे फार पसरट झाले. ‘श्रोत्याला `select_related` वापरता येईल’ हे नेमके आहे, पण ते प्रत्येक शिकवणीत सापडते. शेजारी ठेवलेल्या चार प्रस्तावांतही ते असणार. या डेव्हलपरकडे इतरांपेक्षा वेगळे आहे ते दुरुस्त केलेले पान पुन्हा बिघडल्याचा अनुभव. तेव्हा वाक्य असे होते: ‘श्रोत्याला आपल्या पानाच्या क्वेरी वाढताच नापास होणारी टेस्ट लिहिता येईल.’ इंडेक्स गेला, कॅशिंग गेले. ४०१ वरून २ वर येणे हा भागही आता फक्त पार्श्वभूमी म्हणून उरला. तो कापताना वक्त्याला सर्वात जास्त जिवावर येते, कारण मेहनत तिथेच झालेली असते.

दुसरा मसुदा असा:

शीर्षक: ‘जँगोच्या पानाची क्वेरी-संख्या टेस्टमध्ये बांधून टाका’. सारांश: ‘जँगोमधले यादीचे पान एकदा वेगवान केले, तरी कुणी एक रकाना वाढवला की ते पुन्हा रखडू शकते. आमच्या ऑर्डरींच्या पानावर २०० ओळींसाठी ४०१ क्वेरी जात होत्या. त्या २ वर आणल्या, पण काही महिन्यांत एका निरुपद्रवी बदलाने त्या पुन्हा २०२ झाल्या आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. अशी वाढ `assertNumQueries` वापरून टेस्टमध्येच कशी पकडायची आणि ही टेस्ट कुठे फसवते, हे या टॉकमध्ये दाखवले जाईल. ज्यांनी जँगोत मॉडेल आणि व्ह्यू लिहिले आहेत, पण क्वेरी कधी मोजलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हा टॉक आहे. तो ऐकल्यावर श्रोत्याला आपल्या सर्वात रखडणाऱ्या पानासाठी अशी टेस्ट लिहिता येईल.’

या सारांशात क्रम महत्त्वाचा आहे. आधी श्रोत्याने स्वतः भोगलेला त्रास येतो, मग एक खरा प्रसंग आकड्यांसह, मग उपायाचे नाव, मग टॉक कोणासाठी आहे ते, आणि शेवटी वचन. आकडे इथे शोभेसाठी नाहीत. २०२ हा आकडा पाहताच जाणकार परीक्षक मनात हिशेब करतो, २ अधिक २००, आणि माणसाने हे खरोखर केलेले आहे हे ओळखतो. नाव झाकलेले असताना विश्वास मिळवण्याचा हाच मार्ग उरतो.

शीर्षकात क्रियापद आले आहे, विषयही आणि साधनही. यादीत फक्त शीर्षके वाचणाऱ्यालाही टॉक कशाचा आहे ते कळते. चित्रपटाच्या नावावरची कोटी किंवा ‘प्रवास’, ‘गोष्ट’, ‘जादू’ यांसारखे शब्द ही जागा खातात. कोटी करायचीच असेल, तर ती काढून टाकल्यावर उरलेले शीर्षक स्वतःच्या पायावर उभे राहते का, हे पाहावे.

वचन मात्र पेलणारे हवे. ‘तुमची साइट दहापट वेगवान होईल’ असे लिहिणे धोक्याचे, कारण श्रोत्याची साइट वक्त्याने पाहिलेली नाही. टेस्ट लिहिता येणे ही गोष्ट वक्त्याच्या हातात आहे. पेलते की नाही, हे तपासण्याचा साधा उपाय म्हणजे मिनिटांचा हिशेब. अनेक परिषदा तो फक्त समितीच्या नजरेसाठी वेगळा मागवतात. या टॉकचा हिशेब असा बसतो: पान पुन्हा कसे बिघडले याला ५ मिनिटे, क्वेरी डोळ्यांनी पाहण्याला ७, टेस्ट लिहून ती नापास करून दाखवण्याला १०, मर्यादांना ५ आणि प्रश्नांना ३. मधल्या १० मिनिटांत पडद्यावर एवढेच येते:

```python
with self.assertNumQueries(2):
    self.client.get("/orders/")
```

मर्यादांची ५ मिनिटेही खरी आहेत. टेस्टच्या डेटाबेसमध्ये एकही ऑर्डर नसेल, तर नव्या रकान्याची क्वेरी कधी जाणारच नाही आणि वाढ पकडली जाणार नाही. पाच ऑर्डरी भरल्या, तर रकाना वाढताच २ च्या जागी ७ क्वेरी दिसतात आणि टेस्ट नापास होते. पानाला लॉगिन लागत असेल, तर सेशन आणि वापरकर्ता शोधण्याच्या क्वेरीही मोजणीत येतात. हे तपशील सारांशात मावत नाहीत, पण समितीसाठीच्या आराखड्यात एकेका ओळीत द्यावेत. ‘ही टेस्ट कुठे फसवते’ या सारांशातल्या शब्दांना त्यामुळे आधार मिळतो.

पाठवण्याआधी शेवटची परीक्षा दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. सारांश विषय जेमतेम जाणणाऱ्या सहकाऱ्याला एकदाच वाचायला द्यावा, कागद परत घ्यावा आणि विचारावे, ‘ऐकणाऱ्याला यातून काय मिळेल?’ त्याने स्वतःच्या शब्दांत टेस्टबद्दल सांगितले, तर काम झाले. तो ‘वेगाबद्दल काहीतरी’ म्हणाला, तर दोष त्याचा नाही. अशा वेळी शब्द घासत बसण्यापेक्षा मूळ एका वाक्याकडे परतावे, कारण बहुतेकदा तेच धूसर असते.

प्रस्ताव निवडला गेला की हाच सारांश परिषदेच्या वेळापत्रकात छापला जातो आणि श्रोते त्यावरूनच दालन निवडतात. स्लाइड करायला घेण्याआधी त्याचे शेवटचे वाक्य समोर चिकटवून ठेवावे. त्या वाक्याकडे न नेणारी प्रत्येक स्लाइड काढून टाकावी.