लेखांक 4 : शेततळ्याचा कागद आणि तीन कोटेशनं

‘पाचशेचा कागद काय भावानं?’ ओतूर, नारायणगाव किंवा मंचरच्या दुकानात फोन करून एवढंच विचारलं तर तीन ठिकाणांहून तीन आकडे मिळतात आणि त्यांतला एकही दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही. एकानं विणलेल्या लॅमिनेटेड कागदाचा दर सांगितलेला असतो, दुसऱ्यानं साध्या फिल्मचा. तिसऱ्यानं जोडणी आणि वाहतूक धरलेलीच नसते.

म्हणून आधी माप काढावं. तळं वरून 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर आणि दर मीटर खोलीला दीड मीटर उतार असेल, तर तळाची बाजू 21 मीटर राहते. उताराची तिरपी लांबी सुमारे 5.4 मीटर येते. दोन्हीकडचा उतार धरला आणि काठावरच्या चरात गाडायला बाजूला एक-एक मीटर ठेवला, की कागद 34 बाय 34 मीटर लागतो, म्हणजे 1,156 चौरस मीटर. नुसतं वरचं माप धरून कुणी 900 चौरस मीटरचा हिशेब दिला, तर कागद तळ्यात पुरणारच नाही.

हे माप, कागदाचा प्रकार, जाडी (500 मायक्रॉन), प्रति चौरस मीटर वजन, जोडणी, पोहोच, कर आणि हमी एकाच कागदावर लिहून सगळ्या दुकानदारांना त्याच दिवशी द्यावं. उत्तराची शेवटची तारीखही सगळ्यांना एकच असावी. मधे एखाद्यानं शंका विचारली, तर खुलासा सगळ्यांनाच कळवावा. हे सहसा राहून जातं आणि तुलना तिथंच बिघडते.

एक काल्पनिक हिशेब पाहा. पहिल्याचा दर 80 रुपये, 900 चौरस मीटर धरून 72,000. दुसऱ्याचा 95 रुपये, 1,156 चौरस मीटरला सगळं धरून 1,09,820. पहिला स्वस्त दिसतो. पण त्याचा कर, जोडणी आणि वाहतूक मिळून 22 रुपये वेगळे निघाले, तर पूर्ण मापाला त्याचेच 1,17,912 होतात.

माल आल्यावर काटा करावा. साध्या एचडीपीई फिल्मची घनता साधारण 0.94 असते, म्हणून 500 मायक्रॉनचा चौरस मीटर सुमारे 470 ग्रॅम भरतो आणि पूर्ण कागद 543 किलोच्या आसपास. वजन 435 किलोच निघालं, तर माल 400 मायक्रॉनचा असण्याचा दाट संशय घ्यावा. विणलेल्या कागदाला, ज्याचं मानक आयएस 15351 आहे, हे गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथं दुकानदाराकडून वजन लेखीच घ्यावं.

हमीचे शब्दही एकसारखेच मागावेत. ‘पाच वर्षं हमी’ एवढ्यावर भागत नाही. जोड उकलला तर दुरुस्तीला माणूस कोण पाठवणार, किती दिवसांत, आणि तळं उपसायचा खर्च कुणाचा, हे कोटेशनमध्येच यायला हवं.