शत्रू पडद्याआडूनच यायला हवा

'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'सारख्या खेळात राक्षसांच्या झुंडी चहूबाजूंनी चालून येतात. पण स्वतः असा खेळ रचताना एखादा राक्षस रिकाम्या जागी, डोळ्यांदेखत टपकला की सगळी भीतीच ओसरते. खेळणाऱ्याला तो अन्यायही वाटतो, आणि ते खरंच आहे. सावध व्हायला त्याला वेळच मिळालेला नसतो.

उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर एक कडं कल्पायचं आणि शत्रू फक्त त्या कड्यातच जन्माला घालायचा. समजा, चौकट 640 बाय 360 पिक्सेलची आहे. निम्मी रुंदी 320, म्हणून अनेकजण त्रिज्या 330 धरतात आणि फसतात. मध्यापासून कोपरा सुमारे 367 पिक्सेलवर असतो, त्यामुळे कोपऱ्यांत शत्रू उगवताना दिसतोच. त्यात शत्रूच्या चित्राची निम्मी रुंदी, 16 पिक्सेल, मिळवा आणि थोडी मोकळीक ठेवा. कडं 400 ते 480 असं ठरेल. कड्याचा मध्य कॅमेऱ्याचा घ्यावा, खेळाडूचा नव्हे. नकाशाच्या काठाशी कॅमेरा थांबतो, खेळाडू मात्र पुढे सरकतो.

आता कड्यातली निवडलेली जागा भिंतीत किंवा पाण्यात निघाली तर? शत्रू तिथेच अडकून पडेल. म्हणून तिथं चालता येतं का, हे आधी तपासायचं. नसेल तर दुसरा कोन घ्यायचा. दहा प्रयत्न फसले, तर त्या वेळी शत्रू सोडूच नये. बंद खोलीतली फरशी चालण्याजोगी असली तरी तिथून खेळाडूपर्यंत वाट नसते, तेव्हा वाटही तपासून घ्या.