यादीतला माणूस आणि दारातला माणूस

‘‘मॅडम, या घरात यादीतलं कोणीच राहत नाही. शेजारच्या आजी उत्तरं द्यायला तयार आहेत. घेऊ का त्यांना?’’

भर उन्हात तिसरा जिना चढून आलेल्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणणं जिवावर येतं. तरी म्हटलं. या एका ‘हो’नं अख्खी पाहणी बिघडते, हे मी संख्याशास्त्र शिकवण्याच्या नोकरीत पुरेसं पाहिलं होतं.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका प्रभागात किती प्रौढांना पाणी घराबाहेरून आणावं लागतं, एवढंच आम्हांला शोधायचं होतं. टँकर किती मागायचे, ते त्यावर ठरणार होतं. घरोघर फिरणं परवडणारं नव्हतं, म्हणून मतदारयादी घेतली. विधानसभेचीच यादी महापालिकेसाठी प्रभागवार तोडतात आणि तिचे भाग पाडलेले असतात. अशा सोळा भागांत, वगळलेली नावं काढून, 16,000 नावं उरली. हवी होती 400, म्हणजे चाळिसांतलं एक. एक ते चाळीसमधली चिठ्ठी काढली, 23 आली. मग तेविसावं नाव, त्रेसष्टावं, एकशेतिसरं, असं शेवटपर्यंत.

कागदावर हे फार सोपं दिसतं. पण 400 नावांपैकी 61 जण प्रभाग सोडून गेले होते, 13 वारले होते. ‘बाबांना जाऊन चार वर्षं झाली,’ हे ऐकून आमची एक मुलगी दारातच ओशाळली. अशा नावांच्या जागी दुसरं माणूस घ्यायचं नाही, ते नाव रिकामं सोडायचं, हा नियम. कारण बदली म्हणून सापडतो तो दुपारी घरी असणारा. आजी, गृहिणी, निवृत्त आजोबा. बारा तास कामावर असणारा त्यात येतच नाही. नियम मोडलेला ओळखायचा कसा? यादीतलं वय आणि फॉर्मवरचं वय शेजारी ठेवायचं. यादीत 26 वर्षांचा मुलगा आणि फॉर्मवर 58 वर्षांचे गृहस्थ, असे तीन फॉर्म मला सापडले. ती घरं पुन्हा केली.

दुबार नावांचं दुखणं वेगळं. ज्याचं नाव दोनदा, त्याची निवड होण्याची शक्यता दुप्पट. आम्ही ठरवलं, की चिठ्ठी पहिल्या नोंदीवर पडली तरच मुलाखत घ्यायची, पुढच्या नोंदीवर पडली तर सोडायची. अशी 19 नावं गेली. संगणकाला ‘शिंदे’ आणि ‘शिंधे’ जेमतेम जुळवता येतात. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाची एकच बाई त्याला कशी कळणार? ते दारातच विचारावं लागतं. माहेर दुसऱ्या प्रभागात असेल तर मात्र आमच्या हिशेबाला बाधा नाही. कुलपं आणि नकार मिळून 45 झाले आणि 262 मुलाखती हाती आल्या. त्यांत घराबाहेरून पाणी आणणारे होते 34, म्हणजे शंभरात 13.

इथे थांबलो असतो तर अहवाल नीटनेटका झाला असता, आणि चुकीचाही. कारण यादीत जास्तीची नावं असतात ती दिसतात, नसलेली दिसत नाहीत. म्हणून आम्ही आणखी एक नियम पाळला होता. निवडलेलं नाव त्या घरातलं यादीतलं शेवटचं असेल, तर ते घर आणि यादीतलं पुढचं घर यांच्यामध्ये चालत जायचं. मध्ये कोणी बिननोंदीचं राहत असेल, तर त्या सर्व प्रौढांना विचारायचं. ‘शेवटचं नाव’ ही अट का? घरातल्या कुठल्याही नावावर मधली माणसं मोजली, तर मोठ्या घराशेजारी राहणाऱ्यांची शक्यता वाढते. अटीमुळे त्यांचीही शक्यता चाळिसांत एकच राहते.

एका जुन्या वाड्यामागे अशा सहा पत्र्याच्या खोल्या निघाल्या. भाडेकरूंची नावं गावाकडच्या यादीत. ‘‘आमच्याकडं फक्त पावतीवाले येतात,’’ एक बाई हंडा खाली ठेवत म्हणाली. अशा सात जागांत मिळून 31 प्रौढ भेटले. त्यांतले 23 जण बाहेरून पाणी आणत होते. दोन्ही आकडे एकत्र केले : 293 मध्ये 57, शंभरात साडेएकोणीस.

हा आकडाही सैलच धरायला हवा. जागा सातच, आणि एका वाड्यामागच्या सगळ्यांचं पाणी एकाच नळाचं. म्हणजे 31 माणसं असली तरी माहिती तेवढी नाही. शिवाय हा उपाय यादी घरांच्या क्रमानं असेल तिथेच चालतो. पुरवणी यादीत तो क्रम राहत नाही, तिथे मुलं गल्लीत नुसती फिरली. आणि बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या तर कुठल्याच दोन घरांच्या ‘मध्ये’ नव्हत्या. त्या आम्ही नकाशा घेऊन, पायी फिरून मोजल्या आणि अहवालात वेगळ्या पानावर लिहिल्या.